स्वमताच्या उत्तराला गुण कशाचे?

आधी हा उतारा वाचा. नववीच्या वर्गासाठी तो मी स्वतः रचला आहे. असं ग्रंथालय प्रत्यक्षात कुठे नाही.

“आमच्या शाळेच्या ग्रंथालयातून गेल्या ऑगस्टमध्ये मुलांनी ६०० पुस्तके घरी नेली. त्यांतली १२० पुस्तके मुदतीनंतर परत आली. देवघेवीच्या नोंदींसाठी त्या महिन्यात वहीची २० पाने लागली. यंदा जूनपासून आम्ही उशिराचा दंड दिवसाला १ रुपयावरून ५ रुपये केला. या ऑगस्टमध्ये फक्त ४५ पुस्तके उशिरा आली. काम इतके सुटसुटीत झाले आहे, की महिन्याला वहीची १० पाने पुरतात आणि मधल्या सुटीत दाराशी लागणारी रांगही आता दिसत नाही. कोणाला एखादे पुस्तक हवे असेल तर त्याची वाट पाहत बसावे लागत नाही. दंड जास्त आहे अशी काही पालकांची तक्रार आहे. पण दंड बेशिस्त मुलांनाच भरावा लागतो. दंडामुळे मुलांना शिस्त लागली, हे आकड्यांवरून सिद्ध झाले आहे. प्रयोगशाळेच्या साहित्यासाठीही हाच नियम लावावा.”

दहा-अकरा वाक्यांचा मजकूर. अवघड शब्द जवळजवळ नाही, कारण इथे मला शब्दसंग्रह तपासायचा नाही. हे लिहिणारे ग्रंथपाल खोटं बोलत नाहीत, मूर्ख नाहीत, खलनायक तर नाहीतच. त्यांचे सगळे आकडे खरे धरले तरी त्यांचा निष्कर्ष डळमळतो, आणि तो का डळमळतो हे शोधायला लागणारं सगळं सामान उताऱ्यातच पडलं आहे. चिकित्सक वाचन तपासायला उतारा निवडताना मी एवढ्याच दोन गोष्टी पाहते: मजकुरात फट असावी, आणि ती बाहेरच्या ज्ञानाशिवाय सापडावी. मोबाईल चांगला की वाईट अशा विषयांवरचे उतारे मी टाळते. त्यावर मुलांची मतं आधीच तयार असतात आणि उतारा न वाचताही पानभर लिहिता येतं.

आता प्रश्न काय विचारायचा? दहावीच्या कृतिपत्रिकेत आकलनाच्या कृतींबरोबर स्वमताची कृती असते, त्यामुळे आपला हात आपोआप ‘तुमचे मत लिहा’ याच शब्दांकडे जातो. या उताऱ्याखाली तेवढंच लिहिलं तर काय येतं ते मला पाठ आहे. शिस्त ही यशाची गुरुकिल्ली आहे, पुस्तके आपले मित्र आहेत, म्हणून प्रत्येकाने पुस्तके वेळेवर परत केली पाहिजेत. अक्षर सुंदर, शुद्धलेखन नेटकं, आणि उताऱ्याशी संबंध फक्त ‘पुस्तक’ या शब्दापुरता. दोष मुलाचा नाही. आपण मत मागितलं, त्याने मत दिलं. विचार बघायचा असेल तर विचार जिथे दिसेल अशी जागा प्रश्नात करून द्यावी लागते.

म्हणून मी तीन प्रश्न देते. पहिला: लेखकाने स्पष्ट सांगितलेली नाही, पण उताऱ्यावरून कळते अशी एक महत्त्वाची गोष्ट लिहा, आणि ती कोणत्या तपशिलांवरून कळली ते दाखवा. दुसरा: ‘मुलांना शिस्त लागली’ असे म्हणताना लेखकाने न सांगता काय धरून चालले आहे? ते खरे नसेल तर त्याच्या म्हणण्याचे काय होईल? तिसरा: दंड ५ रुपयेच ठेवावा का? तुमच्या मताच्या विरुद्ध जाणारा सगळ्यात जोरदार मुद्दा आधी मांडा आणि त्याचा विचार करून मत लिहा. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. सबंध तास द्यायचा, उतारा समोर राहू द्यायचा. पाठांतराची इथे गरज नाही.

पहिल्या प्रश्नाला अनुमान म्हणूया. अनुमानाच्या दोन्ही बाजूंना दोन खड्डे आहेत आणि उत्तरं त्यांत पडतात. एक खड्डा पुनरुक्तीचा: “दंड वाढवल्यावर उशिरा येणारी पुस्तके १२० वरून ४५ झाली.” हे खरं आहे, पण ते उताऱ्यात लिहिलेलंच आहे. याला शून्य. दुसरा खड्डा कल्पनेचा: “दंडाच्या पैशांतून ग्रंथालय नवीन पुस्तके घेत असणार.” असेलही, पण उताऱ्यातला कुठलाच शब्द तिकडे बोट दाखवत नाही. यालाही शून्य. हा दुसरा शून्य देताना शिक्षकाचा जीव कासावीस होतो, कारण मुलाने डोकं चालवलेलं दिसतं. चालवलंय खरं, पण वाचनावर नाही.

मधल्या वाटेवरचं एक उत्तर बघा: “आता मुले कमी पुस्तके नेतात, कारण दाराशी रांग दिसत नाही.” ही गोष्ट उताऱ्यात कुठेच लिहिलेली नाही, तरी ती उताऱ्यातूनच निघते. आधार मात्र एकाच तपशिलाचा आहे, आणि त्या तपशिलाचा दुसराही अर्थ लागतो. काम सुटसुटीत झाल्यामुळेही रांग संपली असेल; ग्रंथपाल स्वतः तेच सुचवतात. म्हणून दोन गुण. आता दुसरं: “६०० पुस्तकांना २० पाने लागली म्हणजे एका पानावर ३० नोंदी. आता १० पाने म्हणजे साधारण ३०० पुस्तके. ३०० मध्ये ४५ उशिरा म्हणजे शंभरात १५. आधी शंभरात २० होती. म्हणजे थोडी सुधारणा झाली, पण पुस्तके नेणे निम्म्यावर आले.” तीन गुण, आणि त्यातल्या ‘साधारण’ या शब्दाला मी मनातल्या मनात शाबासकी देते. पानावरच्या नोंदी थोड्या इकडेतिकडे होऊ शकतात हे त्याला ठाऊक आहे. दावा जेवढा पेलतो तेवढाच करणं हाही विचाराचाच भाग आहे.

पण तीन गुणांसाठी शेकडेवारी हवी, असं ठरवून टाकलं तर आपण गणित तपासायला लागतो. “पानं अर्धी, दारात पोरंपण नाही. म्हंजे पुस्तकं नेणारेच अर्धे झाले. मग उशिराचे कमी होतीलच ना.” या उत्तरात टक्के नाहीत, प्रमाणभाषाही नाही. तरी त्यात दोन वेगळे तपशील एकमेकांना टेकू देतात. रांगेचा दुसरा अर्थ निघाला असता, पण पानांनी तो अडवला, कारण काम कितीही सुटसुटीत झालं तरी नोंदीला जागा तेवढीच लागते. शिवाय त्यावरून उशिराच्या आकड्याचा नवा अर्थ लावला गेला आहे. यालाही तीनच गुण. शुद्धलेखनासाठी वेगळा प्रश्न आहे, वेगळा दिवस आहे. इथे त्याचा अर्धा गुणही कापायचा नाही.

थोडक्यात, अनुमानाचे गुण निष्कर्षाला नसतात, तपशिलापासून निष्कर्षापर्यंतच्या धाग्याला असतात. “मुलांचे वाचन कमी झाले” एवढंच लिहून थांबलेल्या मुलीला मी एक गुण देते. तिला कळलंय असं मला वाटतं, पण ते तिच्या उत्तरात दिसत नाही, आणि ‘वाटतं’ यावर दोन गुण दिले की पुढचे सगळे गुण ओळखीचे होतात.

दुसरा प्रश्न गृहीतकाचा, आणि तिन्हींत अवघड. अवघड अशासाठी की गृहीतक ही उताऱ्यात नसलेलीच गोष्ट असते. ती शोधायची कशी हे आपल्याकडे न्यायशास्त्राने फार जुन्या काळी बांधून दिलं आहे. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे अग्नी आहे, हे त्यांचं नेहमीचं उदाहरण. धूर आणि अग्नी यांच्यामध्ये ‘जिथे धूर तिथे अग्नी’ ही व्याप्ती उभी असते. ती नसेल तर धूर दिसून उपयोग नाही. नैयायिक पुढे जाऊन विचारतात, की उलट म्हणता येईल का, ‘जिथे अग्नी तिथे धूर’? नाही, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी ओलं लाकूडही लागतं. या लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात. स्टीफन टूलमिन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५८ साली युक्तिवादाची जी रचना मांडली, तिच्यातही पुरावा आणि दावा यांच्यामध्ये अशीच एक न बोललेली कडी आहे.

आपल्या उताऱ्यात पुरावा आहे ‘उशिराची पुस्तके कमी झाली’, आणि दावा आहे ‘शिस्त लागली’. मधलं ओलं लाकूड कोणतं? ‘पुस्तकं नेणारी मुलं तेवढीच राहिली’ ही एक लपलेली अट. ‘उशीर होतो तो बेशिस्तीमुळेच’ ही दुसरी. ‘वेळेवर परत आलं म्हणजे जबाबदारीने वागला’ ही तिसरी. उत्तर तपासताना मी एकच गोष्ट करून बघते: मुलाने सांगितलेलं गृहीतक उलटं करते आणि दावा कोसळतो का ते पाहते. कोसळला, निदान हलला, तर ते खरं गृहीतक.

हे करून बघा. एकाने लिहिलं, “लेखकाने धरून चालले आहे की दंडाने शिस्त लागते.” उलटं केलं तर दावाच उलटा झाला. म्हणजे हे गृहीतक नव्हे, दावाच दुसऱ्या शब्दांत सांगितला आहे. शून्य. दुसऱ्याने लिहिलं, “लेखकाने धरले आहे की सगळ्यांकडे पाच रुपये असतात.” हे मोहात पाडणारं उत्तर आहे. उलटं करा: काही मुलांकडे पाच रुपये नाहीत. शिस्तीचा दावा पडला का? लगेच नाही. पण ‘दंड बेशिस्त मुलांनाच भरावा लागतो’ या वाक्यातली बेफिकिरी उघडी पडते, आणि पैसे नसलेली मुलं पुस्तकं नेणंच बंद करतील असं पुढे लिहिलं असतं तर शिस्तीचा दावाही हलला असता. तेवढं लिहिलं नसेल तर एक, लिहिलं असेल तर तीन. वाक्य एकच, गुण पुढच्या पावलाला.

एक उत्तर मी वर्गात वाचून दाखवते: “पुस्तक न वाचताच सातव्या दिवशी परत केले तरी ते वेळेवर आले असेच मोजले जाईल. मग ग्रंथपालांना वाटेल शिस्त लागली, पण मुलाला फक्त दंडाची भीती असेल. मोठी पुस्तके तर कोणी घेणारच नाही.” उताऱ्यात मुदत सात दिवसांची असल्याचं कुठेही म्हटलेलं नाही, ते त्याने आपल्या शाळेतून घेतलं. मी ते चालवून घेते, कारण मुदत सात असो की पंधरा, मुद्दा तसाच उभा राहतो. बाहेरची माहिती आली म्हणून गुण कापू नयेत. मुद्दा त्या माहितीवाचून पडतो की नाही, ते बघावं.

इथे एक धोका सांगायला हवा, कारण तो आपणच निर्माण करतो. गृहीतकांवर प्रश्न विचारायला शिकवलं की दोन-तीन चाचण्यांत मुलांच्या ध्यानात येतं की शंका घेतली की गुण मिळतात. मग उत्तरं येतात: ग्रंथपाल खोटे आकडे देत असतील, त्यांनी वही बदलली असेल, दंडाचे पैसे कोण खातं? वाचायला खमंग वाटतं, पण यात तपास कुठेच नाही. आकडे खोटे असावेत असं सुचवणारा एकही शब्द उताऱ्यात नाही. याला शून्य द्यायचं आणि का दिलं ते बाजूला लिहायचं. मात्र “नवीन वहीची पाने मोठी असतील तर १० पानांत जास्त नोंदी बसतील, मग पुस्तके निम्मी झाली असे म्हणता येणार नाही” असं लिहिणारी मुलगी वरवर तशीच दिसली तरी ती शंका वेगळी आहे. ती मी पहिल्या प्रश्नात ज्या अनुमानाला तीन गुण दिले, त्याच अनुमानाचं गृहीतक पकडते. प्रश्न ग्रंथपालांच्या गृहीतकाबद्दल होता, म्हणून तांत्रिकदृष्ट्या तिचं उत्तर चुकीच्या जागी आहे. मी तीन गुण देते, आणि मनात म्हणते की बाईंनाच सापडायला हवं होतं हे.

तिसरा प्रश्न विरुद्ध बाजू तोलण्याचा. आपल्या जुन्या ग्रंथांत पूर्वपक्ष आधी मांडायची रीत होती. समोरच्याचं म्हणणं त्याला स्वतःलाही मान्य होईल इतक्या ताकदीने सांगायचं आणि मगच उत्तरपक्षाकडे वळायचं. मुलांच्या उत्तरांत पूर्वपक्ष बहुधा दोन रूपांत येतो. पहिलं रूप: “नाण्याला दोन बाजू असतात. दंडाचे फायदे आहेत तसे तोटेही आहेत. म्हणून दंड योग्य प्रमाणात असावा.” यात फायदा कोणता, तोटा कोणता, योग्य म्हणजे किती, काहीच नाही. ‘दंड’च्या जागी ‘दूरदर्शन’ किंवा ‘प्लॅस्टिक’ घातलं तरी उत्तर जसंच्या तसं चालतं. शब्द बदलला तरी चालणारं उत्तर म्हणजे शिकवणीतलं तयार उत्तर, आणि त्याला शून्य. दुसरं रूप बुजगावण्याचं: “काही जण म्हणतील की मुलांना शिस्तीची गरज नाही. पण हे चुकीचे आहे.” असं कोणी म्हणतच नाही. पाडायला सोपं म्हणून उभं केलेलं माणूस आहे ते. विरुद्ध बाजू निदान नावाला तरी आली, म्हणून एक गुण.

तोललं की नुसतं मांडलं, हे ओळखायची माझी युक्ती साधी आहे. उत्तरातला विरुद्ध मुद्दा पेन्सिलीने खोडायचा आणि शेवटचं वाक्य वाचायचं. ते जसंच्या तसं शाबूत राहत असेल तर मुद्दा फक्त शोभेला होता. तोललेला असेल तर खोडल्यावर शेवटचं वाक्य अर्धवट, विचित्र वाटू लागतं. दोन उत्तरांवर हे करून बघू.

पहिलं: “दंड कमी केला तर एकाने अडवून ठेवलेल्या पुस्तकासाठी दुसऱ्याला थांबावे लागेल, हा मुद्दा खरा आहे. पण आता थांबावे लागत नाही, ते पुस्तके वेळेवर येतात म्हणून की मागणारेच कमी झाले म्हणून, हे उताऱ्यावरून कळत नाही. म्हणून दंड पुन्हा १ रुपया करावा. पण ज्या पुस्तकासाठी कोणी नाव लावले आहे, त्याला ५ रुपये ठेवावा.” विरुद्ध मुद्दा खोडला तर शेवटच्या वाक्याचा उत्तरार्ध कुठून आला हे समजतच नाही. विरुद्ध मुद्द्याने मताचा आकार बदलला आहे. तीन.

दुसरं: “दंड ५ रुपयेच ठेवावा. माझ्याविरुद्ध मोठा मुद्दा असा, की ज्यांच्या घरी पाच रुपये जास्त वाटतात ती मुले पुस्तके नेणे सोडतील, आणि तसे झालेले दिसते. पण हा मुद्दा पैशांचा आहे, दंडाचा नाही. अशा मुलांनी पाच रुपयांऐवजी मधल्या सुटीत पुस्तके लावायचे काम करावे. शंभरात २० वरून १५ झाली आहेत, त्यामुळे दंडाचा काहीच उपयोग नाही असे म्हणता येत नाही.” यालाही तीन. पहिल्याचं मत दंडाविरुद्ध आहे, दुसऱ्याचं बाजूने, आणि माझं स्वतःचं मत पहिल्याकडे झुकतं. म्हणूनच दुसरं उत्तर मी दोनदा वाचते. आपल्या मताशी जुळणाऱ्या उत्तरातली भोकं आपल्याला दिसत नाहीत आणि न जुळणाऱ्यातली लगेच दिसतात. तपासणाऱ्याचंही गृहीतक तपासायला लागतं.

आणखी एक. लेखकाशी सहमत होणं म्हणजे चिकित्सेत कमी पडणं नव्हे. उताऱ्यात फट आहे म्हणून प्रत्येक चांगल्या उत्तराने लेखकाला विरोधच केला पाहिजे असं मनाशी धरलं, तर हुशार मुलं चार दिवसांत ते ओळखतात आणि दर वेळी विरोध करायला लागतात. म्हणून वर्षातून एक-दोनदा मी मुद्दाम असा उतारा देते, ज्यात युक्तिवाद भक्कम आहे. “लेखकाचे म्हणणे टिकते, कारण त्याने अमुक शक्यता आधीच तपासली आहे” हे लिहिता येणं हीसुद्धा परीक्षा आहे. त्यात नेहमीचे पुढचे नंबर मागे पडलेले मी पाहिले आहेत.

आता तपासायची रीत. गठ्ठा समोर आला की आपण पहिली उत्तरपत्रिका सुरुवातीपासून शेवटपर्यंत तपासतो, मग दुसरी. या कामासाठी ती सवय मोडावी. आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा, मग तिसरा. एकाच मुलाचं पहिलं उत्तर उत्तम निघालं की त्याच्या तिसऱ्या उत्तरातली पोकळी आपण आपल्या मनाने भरून काढतो. प्रश्नवार तपासलं की ते बरंचसं थांबतं. नावाची पट्टी दुमडून ठेवावी. आणि लांबीपासून सावध राहावं. दीड पानाच्या उत्तराला शून्य देताना हात अडखळतो, तीन ओळींना तीन देतानाही अडखळतो. वरच्या ‘पानं अर्धी’वाल्या उत्तराला तीन ओळीच लागल्या होत्या.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुसरा वाचक. शाळेतल्या एका सहकाऱ्याला बरोबर घ्या. गठ्ठ्यातली वीस उत्तरं दोघांनी वेगवेगळी तपासा. गुण उत्तरपत्रिकेवर न लिहिता वेगळ्या कागदावर टिपा. मग कागद शेजारी ठेवा. एका गुणाचा फरक चालतो, दोन गुणांचा फरक दिसला की तिथे थांबायचं. रांगेच्या उत्तराचंच बघा. “आता मुले कमी पुस्तके नेतात, कारण दाराशी रांग दिसत नाही.” हे उत्तर एक जण तीन गुणांचं धरील, कारण निष्कर्ष बरोबर आहे. दुसरा एकच देईल, कारण रांग संपायचं कारण ग्रंथपालांनीच सांगून ठेवलं आहे. दोघांचं म्हणणं ऐकल्यावर नियम निघतो: ‘तपशिलाचा दुसरा अर्थ लागत असेल आणि तो अडवला नसेल तर दोनच्या वर नाही.’ हा नियम गुणदान योजनेत शब्दशः लिहून ठेवायचा आणि त्या उत्तराची प्रत शेजारी चिकटवायची. दोन-तीन वर्षांत अशी दहा-बारा नमुना उत्तरं साठली की नवीन शिक्षकाला समजावून सांगायला व्याख्या लागत नाही, ती उत्तरंच पुरतात. ‘उत्कृष्ट’, ‘समाधानकारक’ असे शब्द असलेल्या गुणदान तक्त्यांचा मला कधीच उपयोग झालेला नाही. समाधान कोणाचं, हा प्रश्न उरतोच.

दोघांचे गुण जुळले म्हणून लगेच निर्धास्त होऊ नये. दोघांनीही वीसपैकी सोळा उत्तरांना एकच गुण दिला असेल तर बरेचसे गुण न वाचताही जुळले असते. म्हणून वीस उत्तरं निवडताना बरी, वाईट, लांब, आखूड, सगळी मिसळ घ्यावी. आणि जुळले असले तरी ते एकाच चुकीवर जुळलेले नाहीत ना, हे बघायला अधूनमधून तिसऱ्याला दाखवावं, शक्यतो भाषा न शिकवणाऱ्याला. विज्ञानाच्या सरांनी एकदा माझ्या दोन गुणांच्या उत्तराला तीन दिले. वाद घालायला गेले आणि हरून आले.

गुण परत देताना नऊपैकी पाच असं एकत्र लिहू नका. तीन-शून्य-दोन आणि दोन-दोन-एक, दोन्हींची बेरीज पाचच. पण पहिलीला उताऱ्यातले धागे दिसतात, गृहीतक म्हणजे काय हेच कळलेलं नाही. तिच्याशी दहा मिनिटं बोललं तर काम होईल. दुसऱ्याला सगळं थोडं थोडं जमतं, एकही गोष्ट तडीस जात नाही. त्याला शेवटच्या ‘म्हणून काय?’ची सवय लावावी लागेल. बेरीज केली की दोघं सारखे दिसतात.

आणि एका उताऱ्यावरून मुलाबद्दल मत बनवू नका. ग्रंथालयात रोज बसणाऱ्या मुलीला या उताऱ्यातल्या वहीची पानं लगेच दिसतात. ज्याच्या शाळेत ग्रंथालय म्हणजे कुलूपबंद कपाट आहे, त्याला ती दिसत नाहीत. त्याला शेतातल्या पाण्याच्या पाळीवरचा उतारा द्या, तो तुमच्याआधी फट शोधील. वर्षभरात वेगवेगळ्या विषयांवरचे चार-पाच उतारे झाल्यावरच काही म्हणता येतं. ज्याला लिहिणंच जड जातं, त्याच्याशी दोन मिनिटं तोंडी बोलून घ्यावं: “हे तुला कशावरून वाटलं?” एवढा एकच प्रश्न विचारायचा आणि मध्ये अजिबात मदत करायची नाही. मदत केली की उत्तर आपलं होतं.

उतारा तुमच्या वर्गात वापरायचा असेल तर खुशाल वापरा, पण आकडे बदला आणि ग्रंथालयाच्या जागी दुसरं काही आणा. २० पानं आणि १० पानं तशीच ठेवलीत, तर पुढच्या वर्षी ‘शंभरात १५’ हे उत्तर शिकवणीच्या वहीत चौकटीत लिहिलेलं सापडेल.